लव्ह लँग्वेज जुळत नाही म्हणून नातं मोडायला निघालेल्यांसाठी

सायली_लिहिते (मूळ पोस्ट)

लग्न ठरवताना बाकी सगळं बघता, मग लव्ह लँग्वेज, म्हणजे कुणाला प्रेम कशातून जाणवतं, ते का नाही बघत? दोघांनीही टेस्ट द्या. माझी क्वालिटी टाइम आली, त्याची ॲक्ट्स ऑफ सर्व्हिस. तेव्हाच कळलं की हे जमायचं नाही, आणि मी थांबले. मानसशास्त्राने सिद्ध झालेली गोष्ट आहे ही. जुळत नसेल तर सरळ पुढे व्हा.

तिरकस

तुम्ही कुणाशी लग्न करावं यात मला नाक खुपसायचं नाही. पण ते "मानसशास्त्राने सिद्ध" वाचलं आणि डोकं फिरलं. म्हणून हा प्रपंच, लांबण लागली तर लागली.

ही लव्ह लँग्वेजची कल्पना काढणारा गॅरी चॅपमन मानसशास्त्राचा संशोधक नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलम गावी बाप्टिस्ट चर्चमध्ये पाळक. शिकला मानववंशशास्त्र, डॉक्टरेट प्रौढशिक्षणात, तीही धर्मशिक्षणाच्या संस्थेतून. त्याच्याकडे सल्ल्याला येणाऱ्या जोडप्यांची त्याने स्वतःच लिहून ठेवलेली टिपणं होती. ती घेऊन बसला, कोण कशाबद्दल कुरकुरतंय ते चाळलं, आणि त्याला पाच ढीग दिसले: कौतुकाचे शब्द, एकत्र वेळ, भेटवस्तू, मदत म्हणजेच ते ॲक्ट्स ऑफ सर्व्हिस, आणि स्पर्श. याच त्याच्या पाच "भाषा". १९९२ मध्ये पुस्तक आलं. आता जरा विचार करा. जोडपी कोण, तर विवाहित, चर्चला जाणारी, आणि इतकी कावलेली की पाळकाचं दार ठोठावलं. ढीग पाडणारा एकटाच. तीच टिपणं दुसऱ्या कुणाला दिली असती तर त्याचेही पाचच पडले असते का, हे कुणी तपासलं नाही. चार पडले असते, नऊ पडले असते.

मग चाललं का? चाललं म्हणजे काय, तुफान चाललं. पहिल्या वर्षी साडेआठ हजार प्रती खपल्या होत्या, आज आकडा दोन कोटींच्या वर आहे. माझ्या मते कारण एकच. "तो माझ्यावर प्रेम करत नाही" हे वाक्य बोलायला भयंकर जड आहे. त्याच्या जागी "तो करतो, पण वेगळ्या पद्धतीने करतो" असं म्हणता आलं की दोघंही सुटतात. कुणीच वाईट नाही, फक्त गैरसमज आहे. शिवाय टेस्ट फुकट, दहा-पंधरा मिनिटांत होते, आणि शेवटी कपाळावर चिकटवायला एक लेबल मिळतं. मुलांसाठी आवृत्ती, अविवाहितांसाठी आवृत्ती, ऑफिससाठीसुद्धा आवृत्ती निघाली. दुकान जोरात आहे.

पुरावा मात्र शून्य. शून्य! आणि त्या शून्यावर माणसं माणसांना नाकारताहेत.

कॉर्पोरेट_कैदी

ऑफिसच्या आवृत्तीवरून जखमेवरची खपली निघाली. आमच्या एचआरने सगळ्यांना बसवून ती करून घेतली होती. माझं निघालं "कौतुकाचे शब्द". अप्रेझलला काय मिळालं ते ओळखा. शब्द मिळाले. वर "तुला पैशापेक्षा हेच जास्त भावतं ना" असं मॅनेजर हसतहसत म्हणाला. त्या कागदावर पगारवाढ हा पर्यायच नव्हता हो!

समीर७

@तिरकस, शून्य कसं म्हणता? २०२२ मध्ये प्लॉस वन या जर्नलमध्ये पेपर आहे, मोस्तोवा, स्तोलार्स्की आणि मॅथ्यूज यांचा. शंभर जोडपी घेतली होती. ज्यांचा जोडीदार त्यांना हव्या त्या पद्धतीने प्रेम दाखवतो ते नात्यातही जास्त समाधानी आणि शारीरिक संबंधांतही. म्हणजे जुळलं तर फरक पडतो, हे सिद्धच झालं की. पाळकाने काढलं म्हणून चूकच असणार, हा कुठला न्याय? कल्पना कुठून आली यावर ती खरी की खोटी हे ठरत नाही.

वर्षा_समुपदेशन

तुमच्यासारख्यांमुळेच लोक समुपदेशनाला यायला कचरतात. बाहेर बसून "दुकान" म्हणणं सोपं आहे. माझ्यासमोर जोडपी बसतात तेव्हा बायको बोलत असते आणि नवरा छताकडे बघत असतो. किंवा उलट. "तुम्हाला काय हवंय" विचारलं की "काही नाही, सगळं ठीक आहे" हे ठरलेलं उत्तर. त्याच माणसाच्या हातात ते दोन-दोन वाक्यांचे प्रश्न द्या. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला तो थांबतो, पेन खाली ठेवतो आणि म्हणतो, "म्हणजे, ती बाजूला येऊन बसायची ते मला आवडायचं." पुष्कळ दिवसांत पहिल्यांदा काहीतरी बोललेला असतो. हे तुमच्या कुठल्या जर्नलमध्ये मोजणार?

तिरकस

वर्षाताई, समुपदेशनावर मी एक अक्षर लिहिलेलं नाही. पुन्हा वाचा. माझा राग टेस्टवर आहे. आणि तुम्ही तर माझंच म्हणणं सांगताय. तो माणूस चौथ्या प्रश्नाला बोलला, मग उरलेले सव्वीस कशाला? निकाल बघता का तुम्ही?

वर्षा_समुपदेशन

नाही बघत. बेरीजसुद्धा करत नाही मी. पण तो कागद नसता तर तो बोललाही नसता, एवढं लक्षात ठेवा.

चष्मिष्ट

मी संख्याशास्त्र शिकवते आणि अशा प्रश्नावल्या तपासणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे, म्हणून थोडं. तिरकस, "शून्य" चूक आहे. समीर, "सिद्ध" त्याहून चूक आहे.

आधी टेस्ट. तीस जोड्या असतात, प्रत्येक जोडीतून एक वाक्य निवडायचं. पाच गोष्टींच्या दोन-दोन अशा दहा जोड्या होतात, प्रत्येक तीनदा विचारली की तीस. म्हणजे प्रत्येक "भाषा" बारा वेळा समोर येते, आणि पाचही गुणांची बेरीज कायम तीसच राहते. तुम्ही कुणीही असा, कसेही असा, बेरीज तीस. सगळी गोम इथेच आहे. समजा एकीला पाचही गोष्टी जिवापाड हव्या आहेत आणि दुसरीला पाचांचंही फारसं काही वाटत नाही, फक्त दोघींचा क्रम सारखा आहे. दोघींच्या हातात हुबेहूब एकच निकाल पडणार. पहिलीला किती हवंय आणि दुसरीला किती कमी पुरतं, नात्यात खरा वाद ज्यावरून होतो ते या कागदावर कुठेच उमटत नाही.

आता समजा कुणाचे गुण आले वेळ ९, मदत ८, स्पर्श ६, शब्द ४, भेटवस्तू ३. निकाल सांगतो, तुमची भाषा वेळ. पण वेळ आणि मदत समोरासमोर आले होते त्या तीन प्रश्नांपैकी एकाचं उत्तर फिरवा. लगेच वेळ ८, मदत ९. एका टिचकीवर तुमची "भाषा" बदलली. सायली, तुमचे आणि त्या मुलाचे पाचही आकडे काय होते ते बघितलं होतं का? की वरचं ठळक अक्षरातलं नावच फक्त?

आणि दोन्ही वाक्यं हवीशी असली तरी एकावर काट मारायलाच लावतात. त्याऐवजी प्रत्येक गोष्ट तुम्हाला किती महत्त्वाची, असं वेगवेगळं विचारलं की बहुतेक लोक पाचांनाही भरभरून गुण देतात. "एक मुख्य भाषा" माणसात सापडते त्यापेक्षा जास्त प्रश्न विचारण्याच्या पद्धतीतून तयार होते. एमिली इम्पेट, गिडियन पार्क आणि एमी म्यूज यांनी २०२४ मध्ये या सगळ्या संशोधनाचा आढावा घेतला, त्यात पहिला घाव यावरच आहे.

जोडी जुळण्याबद्दल नंतर लिहिते, आत्ता लेक्चर आहे.

ढ_विद्यार्थी

मी आत्ता ती टेस्ट नाणं उडवून दिली. छापा आला की वरचं वाक्य, काटा आला की खालचं. वाचलंसुद्धा नाही. निकाल: स्पर्श ८, शब्द ७, भेटवस्तू ६, वेळ ५, मदत ४. खाली दोन परिच्छेद आले मला स्पर्शाने कसं आश्वस्त वाटतं त्याचे. माझ्या नाण्याला मिठी मारावी म्हणतो.

समाधानी_नवरा

नाण्याने काय सिद्ध होतं? वजनकाट्यावर दगड ठेवला तरी आकडा दाखवतोच. म्हणून काटा खोटा?

आमच्याकडे या टेस्टने फायदाच झाला. मला कळलं की हिला मदत केलेली आवडते. मी घरात मदत करायला लागलो. भांडणं कमी झाली. एवढं साधं आहे. तुम्ही लोक उगाच कीस पाडता.

मृण्मयी_घ

"मदत करायला लागलो."

हे वाक्य वाचलं आणि हातातला चहा बाजूला ठेवला. घर कुणाचं आहे हो? तिचं एकटीचं? तुम्ही पाहुणे?

आमच्याकडेही झाली ही टेस्ट. त्याची भाषा निघाली ॲक्ट्स ऑफ सर्व्हिस. झालं, सरकारी शिक्काच मिळाला. "मला प्रेम असंच कळतं ना, मी तरी काय करू." त्याचं ऑफिसचं सामान भरून देणं हे प्रेम. त्याच्या आईच्या तपासण्यांच्या वेळा लक्षात ठेवणं हेही प्रेम. माझी निघाली होती शब्द. मग मला शब्द मिळाले. स्वस्तात पडलं त्याला.

आणि त्याने कधी काही केलंच तर? एकदा वाळलेले कपडे आणून घड्या घातल्या. पलंगावर नीट गठ्ठा रचला आणि तिथेच उभा राहिला. हललाच नाही. मी दोन वेळा खोलीतून आत-बाहेर केलं तरी उभाच. शेवटी म्हणाला, "बघितलंस का?" मी रोज घालते त्या घड्यांना कुणाच्या टेस्टमध्ये काही नाव नाही. त्याने घातल्या की ती प्रेमाची भाषा.

समाधानी_नवरा

ताई, तुमच्या नवऱ्याचा राग माझ्यावर का काढता? मी काय लिहिलं ते वाचा. भांडणं कमी झाली असं लिहिलंय. हिला विचारा हवं तर.

मृण्मयी_घ

द्या ना त्यांना आयडी काढून. विचारते.

ओसरीवरून

बाडीस मृण्मयी. आमच्या घरी तर उलटा प्रकार. बायको नोकरी करते, मी घर बघतो. बिलं, मुलांचा अभ्यास, दुरुस्त्या, सगळं मीच. तिची "भाषा" भेटवस्तू निघाली आणि माझी काय तर मदत, म्हणजे मला मदत केली तर मला प्रेम कळणार. आता मला कुणी मदत करतच नाही, कारण ते माझं "काम" आहे. म्हणजे हा स्त्री-पुरुषाचा मामला नाही, जो घर सांभाळतो त्याच्या वाट्याला हेच.

मृण्मयी_घ

ओसरीवरून, तुमचं पटलं. पण "स्त्री-पुरुषाचा मामला नाही" हे तुमच्या एका घरावरून ठरवू नका. तुम्ही घर सांभाळता म्हणून लोक तुमचं कौतुक करतात का? करतात ना? मला विचारा आजवर कुणी केलं का ते.

ओसरीवरून

कौतुक? नातेवाईक "सध्या काय करतोस" विचारतात. ते जाऊ द्या.

समाधानी_नवरा

धागा लव्ह लँग्वेजवर होता की घरकामावर? अवांतर किती करायचं याला काही मर्यादा?

तिरकस

अवांतर नाही हे. कामाचा वाटा वेगळा आणि प्रेमाची खूण वेगळी, पण या पाचांच्या यादीत दोन्ही एकाच खणात कोंबलेत. स्वतःच्या वाट्याचं काम करणं हे प्रेम व्यक्त करणं नाहीच मुळी. ते न करणं म्हणजे फसवणूक आहे.

वर्षा_समुपदेशन

फसवणूक वगैरे मोठे शब्द झाले. पण इथे मला थोडं मान्य करावं लागेल. कागद घेऊन येणारे काही नवरे असतातच, "मॅडम, हिला सांगा माझी भाषा कुठली ते." अशा वेळी मी कागद उलटा ठेवते.

समाधानी_नवरा

नवरेच का? बायका आणत नाहीत का कागद? मूळ पोस्ट कुणाची आहे?

चष्मिष्ट

आले. दोनच तासांत चाळीस प्रतिसाद, त्यातले तीस कपड्यांच्या घड्यांवर. असो.

त्या घड्यांवर एकच सांगते. चॅपमन म्हणतो, तुमची भाषा ओळखायची तर तुम्ही स्वतः प्रेम कसं दाखवता, कशाबद्दल सारखी तक्रार करता आणि काय वारंवार मागता ते बघा. तक्रार ही खूण धरली तर मृण्मयीची भाषा "मदत" निघायला हवी. पण तिची तक्रार प्रेम कमी पडल्याची नाहीच, वाटणी अन्यायाची आहे याची आहे. कामाच्या वाटणीतला अन्याय आणि नात्यातली नाराजी यांचा संबंध वेगळ्या संशोधनात वारंवार दिसलेला आहे. या मॉडेलमध्ये त्याला खणच नाही, म्हणून अन्यायाची तक्रारही आवडनिवड म्हणून नोंदली जाते.

आता जुळण्याबद्दल, समीर. तुम्ही म्हणता तो पेपर खरा आहे आणि निकालही तुम्ही सांगता तसाच आहे. पण २०१७ मध्ये बंट आणि हेझलवूड यांनी सदुसष्ट जोडपी घेतली होती. ज्यांच्या मुख्य भाषा जुळत होत्या ती जोडपी न जुळणाऱ्यांपेक्षा जास्त समाधानी निघाली नाहीत. समाधानाशी संबंध दिसला तो माणूस नात्यासाठी स्वतःच्या वागण्याला किती वळण लावतो याचा. हे पेपरही मोठे नाहीत, आणि दोन्हींकडे "जुळणं" वेगळ्या रीतीने मोजलेलं आहे. एकीकडे दोघांच्या आवडी सारख्या आहेत का ते पाहिलं, दुसरीकडे एकाला जे हवं ते दुसरा देतो का ते. सायलीने केलं ते पहिलं, आणि त्याला आधार जवळपास नाही.

समीर७

मग दुसऱ्याला आहे ना? तेच तर म्हणतोय मी. "हवं ते मिळतं" याने समाधान वाढतं.

चष्मिष्ट

घाई करू नका. दोन नवरे घ्या, आकडे पाचापैकी. बायकोला हवा आहे वेळ, ५. पहिला नवरा वेळ देतो १, शब्द १, मदत १, सगळंच १. तफावत ४, बायको नाखूश. दुसरा वेळ देतो ५, आणि स्पर्श, मदत, शब्द सगळंच ५. तफावत ०, बायको खूश. आता तुम्ही म्हणाल तफावत गेली म्हणून ती खूश. मी म्हणेन, पहिला काहीच करत नाही आणि दुसरा सगळं करतो, त्यात भाषेचा संबंध काय? दोन्ही स्पष्टीकरणं याच आकड्यांत बसतात. निवाडा करायचा तर वेगळे दोघे लागतात. एक असा, जो फक्त "योग्य" गोष्ट करतो, बाकी ठणठणाट. दुसरा असा, जो इतर चारही भरभरून करतो पण तिची मुख्य गोष्ट कमी. मॉडेल खरं असेल तर पहिल्याची बायको जास्त खूश हवी. नुसत्या तफावतीच्या आकड्यावरून हे कळत नाही, किती मिळतंय ते वेगळं काढून बघावं लागतं.

तसं वेगळं काढून पाहिलेल्या अभ्यासांतून आढाव्याने काढलेला सूर असा, की पाचांतली कुठलीही गोष्ट मिळाली तरी समाधानाशी तिचा संबंध दिसतो, मग ती तुमची "मुख्य" असो वा नसो. त्यातही कारण आणि परिणाम उलटे असू शकतात. खूश माणसाला जोडीदाराचं बारीकसारीकही दिसतं, चिडलेल्याला घड्याही दिसत नाहीत.

मृण्मयी_घ

दिसल्या होत्या हो मला. तो उभा होता म्हणून जास्तच दिसल्या.

समीर७

ठीक आहे, "सिद्ध" शब्द मागे. "शक्य आहे" ठेवतो. आणि पाच गट तरी? २००६ मध्ये एगबर्ट आणि पोल्क यांच्या अभ्यासात पाच निघाले होते. ते तुम्ही सोयीस्कर विसरलात.

चष्मिष्ट

विसरले नाही, लिहायचं राहिलं होतं. हो, तिथे पाच गट बऱ्यापैकी बसले. पण प्रश्न त्या पाचांवरूनच लिहिलेले होते. सहावी गोष्ट विचारलीच नाही तर सहावा गट येईल कुठून? इतरांनी पुढे तपासलं तेव्हा पाचही तसे स्वच्छ सुटे झाले नाहीत. आणि त्याच अभ्यासात या पाचांचा लोक नातं टिकवायला काय काय करतात याच्या आधीपासून असलेल्या यादीशी चांगला संबंध निघाला. म्हणजे चॅपमनने जे पकडलं ते खोटं नाही. नवंही फारसं नाही आणि पुरतंही नाही.

शलाका

सहावी गोष्ट मी सांगते. मी नोकरी सोडून पुन्हा शिकायला बसले तेव्हा हा मला एकटं सोडायचा. संध्याकाळी दार लोटून बाहेरच्या खोलीत बसायचा, टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघायचा. गप्पा नाहीत, फिरणं नाही, भेटी तर नाहीतच. टेस्ट दिली असती तर निघालं असतं की याने वेळ देणं बंद केलंय. इतकं प्रेम मला आधी कधी जाणवलं नव्हतं. हे पाचांत कुठे बसवणार?

तिरकस

"मदत"मध्ये बसवतील. त्या खणात काहीही बसतं.

चष्मिष्ट

बसवतील खरं. पण आढाव्यात हेच म्हटलंय, की जोडीदाराच्या नात्याबाहेरच्या ध्येयांना पाठबळ देणं आणि भांडण झाल्यावर ते निस्तरण्याची रीत असणं, या नातं तारणाऱ्या गोष्टी यादीत नाहीत. ते तिघं त्याऐवजी चौरस आहाराची उपमा देतात. एकच पदार्थ ठरवून खाऊ नका, सगळ्यातलं थोडंथोडं लागतं, कधी एखादं जास्त.

ढ_विद्यार्थी

उपमेला तरी पुरावा आहे का? आहारात कुठल्या घटकाची किती गरज ते मोजलेलं असतं. इथे "सगळं थोडंथोडं" हेही कुणीतरी बसून ठरवलेलंच ना? पाळकाच्या जागी प्राध्यापक आले, एवढंच.

चष्मिष्ट

अर्धं बरोबर. पाचही गोष्टी समाधानाशी जोडलेल्या दिसतात याला आकडे आहेत. किती आणि कधी लागतं याला नाहीत.

निनावी_१२

मला एका वेगळ्याच गोष्टीवर बोलायचं आहे, ती इथे कुणी काढली नाही. त्या पुस्तकात एक बाई येते. नवरा तिच्याशी इतका वाईट वागतो की ती विचारते, ज्याचा तिरस्कार वाटतो त्याच्यावर प्रेम करणं शक्य आहे का? उत्तर काय, तर "शत्रूवर प्रेम करा" हे बायबलमधलं वचन, आणि सहा महिन्यांचा प्रयोग. तक्रारी थांबव, त्याची भाषा ओळख, त्यात बोल. त्याची भाषा स्पर्श, म्हणून जवळीकसुद्धा तिनेच पुढाकार घेऊन वाढवायची. ती सांगते की तसं केलं तर आपल्याला वापरल्यासारखं वाटतं. तरी प्रयोग चालू. आणि पुस्तकात शेवट गोड.

माझ्या हातात हे पुस्तक आमच्या घरातल्याच कुणीतरी ठेवलं होतं, समजूत काढायला. मी ते पान वाचलं आणि स्वतःला म्हटलं, बघ, अजून तू पुरेसा प्रयत्न केला नाहीस. पुढचं लिहीत नाही.

वर्षा_समुपदेशन

इथे मी तिरकसच्या बाजूने, आणि तेही पूर्ण. जिथे भीती आहे तिथे भाषा जुळवायचा प्रश्नच येत नाही. आमच्याकडे आधी दोघांना वेगवेगळं भेटायचं ते याचसाठी. एकत्र बसवून टेस्ट दिली तर घाबरलेलं माणूस खरं उत्तर लिहितच नाही. निनावी, तुम्ही सुरक्षित आहात ना? मला व्यक्तिगत निरोप करा.

निनावी_१२

आहे ताई. बाहेर पडले मी.

समाधानी_नवरा

हे वाचून वाईट वाटलं. पण एका प्रकरणावरून पुस्तक फेकायचं का? आमच्यासारख्या साध्या घरांचं काय?

तिरकस

साध्या घरांना पुस्तक लागतच नाही. आणि मघाशी अवांतराची मर्यादा विचारणारे तुम्हीच ना?

सायली_लिहिते

सकाळपासून तुम्ही लोक मला सोलताय. बरं, टेस्ट बोगस. नाणंही माझ्यापेक्षा हुशार. चष्मिष्ट मॅडम, आकडे शोधून काढले. माझे वेळ ८, शब्द ८. होय, समान. साइटने वर वेळ दाखवलं म्हणून मी तेच धरलं. त्याचे मदत ९, वेळ ७. टाळ्या वाजवा.

पण तो माणूस भेटायला यायचा आणि पूर्ण वेळ फोनमध्ये डोकं घालून बसायचा. मी बोलत असताना "हं" म्हणायचा. एकदा मी मध्येच गप्प झाले, तरी त्याचा "हं" आला. त्याला काय म्हणायचं मग? टेस्ट नसती तर मी घरी काय सांगितलं असतं, "हं" म्हणतो म्हणून नको? कुणी ऐकून घेतलं असतं? "आमच्या लव्ह लँग्वेज जुळत नाहीत" म्हटल्यावर सगळे गप्प बसले.

मृण्मयी_घ

हे आधी लिहिलं असतंस तर मी तुझ्या बाजूनेच भांडले असते. सुटलीस.

समीर७

पण त्याचे वेळ ७ आहेत! तुमचे ८. म्हणजे टेस्टच्या हिशोबाने तुमचं बऱ्यापैकी जुळत होतं. टेस्टने नकार दिलाच नव्हता.

तिरकस

हे भारी आहे. टेस्ट म्हणत होती जमेल आणि या टेस्टच्या नावावर नाही म्हणाल्या.

चष्मिष्ट

त्याचे ७ म्हणजे त्याला किती वेळ हवाय ते, तो किती देतो ते नाही. टेस्ट ते विचारतच नाही. सायली, ऐकून घेत नाही हे कारण पुरेसं होतं, त्याला कुणाच्या शिक्क्याची गरज नव्हती.

सायली_लिहिते

तुमच्या घरी नसेल. माझ्या घरी होती.

समाधानी_नवरा

हिला धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, टेस्ट पुन्हा दे, मागच्या वेळी माझं काय निघालं होतं ते तरी तुला आठवतंय का? मला मदत आठवत होती. जुना मेल काढला तर तिचं शब्द निघालं होतं आणि मदत दुसरी. म्हणजे इतके दिवस मी दुसरीच भाषा बोलत होतो आणि भांडणं तरीही कमी झाली. आता यातून कुणाची बाजू खरी ठरते ते तुम्ही ठरवा, मी चाललो.

मृण्मयी_घ

जाताना वहिनींचा आयडी देऊन जा.